चार नंबरचं सेंटर

अमेरिकेतल्या वूस्टरच्या त्या कारखान्यात सकाळ भोंग्यानं व्हायची नाही, नंबरानं व्हायची. भोंगा वाजायचा, नाही असं नाही. पण त्याच्याकडे लक्ष कोण देतो? फोरमन ऑरेल बेसेट दारातून आत शिरायचा, टोपीवरचा बर्फ झटकायचा, आणि कोट खुंटीला लावायच्या आधी ओरडायचा, "उस्ताद, बारा!"

पलीकडे खिडकीखाली, ग्राइंडरपाशी बसलेला म्हातारा एस्किल ब्रोलीन मान वर न करता म्हणायचा, "दीड, एक पॉइंट दोन, सहा. अजून झोपेत आहेस का रे बेडका? काहीतरी अवघड विचार."

बेडूक म्हणजे ऑरेल. फ्रेंच कॅनडातून आलेल्यांना त्या गावात सगळेच बेडूक म्हणत, आणि स्वीडनहून आलेल्यांना खारवलेली मासळी. त्यात कुणाला राग नव्हता. म्हणजे, असला तरी गिळायची रीत होती.

"वीस!"

"अडीच, दोन, दहा. चल, कामाला लाग."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. कारखाना लहानसा, जुने ग्राइंडर खोलून नव्यासारखे करून द्यायचे, हा धंदा. आणि त्या ग्राइंडरांच्या स्पिंडलला, टेलस्टॉकला, जिथे जिथे निमुळतं भोक आणि त्यात बसणारं निमुळतं सेंटर, तिथे सगळीकडे जार्नोचा टेपर, म्हणजे निमुळतेपणाचं ठरलेलं माप. ऑरेल शिकाऊ म्हणून आला तेव्हा एस्किलनं पहिल्याच दिवशी त्याला लोखंडी पट्टीवर खडूनं लिहून दाखवलं होतं.

"हे बघ. नंबराला आठानं भाग, मोठं टोक मिळालं. दहानं भाग, बारीक टोक. दोनानं भाग, लांबी. सगळं इंचात. दहा नंबर घे. मोठं टोक किती?"

"सव्वा इंच."

"बारीक?"

"एक."

"लांबी पाच. संपलं! आता कुठला तक्ता बघायचा नाही, कुणाला विचारायचं नाही. कुठलाही नंबर घे, वीस इंचाला एक इंच असाच तो निमुळता होत जाणार. ज्यानं हे काढलं ना, त्याला कारागिराची दया होती बघ. नाहीतर तो दुसरा टेपर, मोर्सचा! त्याच्या नंबरात काय आहे? काही नाही. तीन नंबर म्हणजे नऊशे अडतीस थाउ, म्हणजे हजारांश इंच, चार म्हणजे एक इंच दोनशे एकतीस. का? तर तसं ठरलंय म्हणून. पाठ करा, नाहीतर तक्ता उघडा. मोर्सचा नंबर म्हणजे नुसतं नाव. जार्नोचा नंबर म्हणजे अख्खा माणूस."

मोर्सचे आकडेही एस्किलला पाठ होते हं. शून्यापासून सातापर्यंत, हजारांश इंचापर्यंत, झोपेतून उठवून विचारलं तरी. कारखान्यातली लेथ आणि ड्रिल मशिनं मोर्सची होती, त्यामुळे तेही लागायचंच. पूर्वी सकाळच्या खेळात दोन्ही असायचं. अलीकडे ऑरेलनं मोर्सचा नंबर टाकला की म्हातारा खेकसायचा, "छ्या! ती काय पोपटपंची! जार्नो विचार, जार्नो." ऑरेलला वाटे, वय झालं की माणूस आपल्या आवडीपुरता उरतो. म्हणून तो जार्नोच विचारायचा.

आता बघा, माणसाला जे बघायचं नसतं ते त्याच्या नाकासमोर धरलं तरी दिसत नाही. तो आंधळा नसतो, पण स्वतःच्या डोळ्यांवर स्वतःच कातडं ओढून घेतो. एस्किलनं एकदा कॉफीत साखरेऐवजी पोलाद घासायची एमरीची पूड टाकली, लेथवाला ब्रोनेक पोट धरून हसला, ऑरेलही हसला. एकदा एस्किल जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेला आणि परत येताना शेजारच्या तारेच्या कारखान्यात जाऊन तिथल्या बाकावर बसला. "दार सारखंच आहे मेलं," असं म्हणाला. दार सारखं नव्हतं. पण ऑरेल म्हणाला, "हो, सारखंच आहे."

त्या डिसेंबरात एकदा एस्किलची बायको सिग्ने स्वतः कारखान्यात आली. बारीक चणीची, नीटनेटकी म्हातारी, हातात जेवणाचा डबा. नवरा विसरून आला म्हणून आणलाय, असं दारावरच्या माणसाला तिनं सांगितलं. ऑरेलला मात्र तिनं बाजूला बोलावलं, भट्टीपाशी, जिथे आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही.

"ऑरेल, डबा त्याच्यापाशीच आहे. हा रिकामा आहे. मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोला ना, मिसेस ब्रोलीन." शिकाऊ असताना तिच्या स्वयंपाकघरात गुरुवारचं वाटाण्याचं सूप ओरपून मोठा झालेला हा माणूस अजून तिला सिग्ने म्हणत नव्हता. ती शंभरदा म्हणाली होती, म्हण म्हणून. याची जीभ वळत नव्हती.

"त्याला घरी बसव."

"कुणाला?"

"वेड पांघरू नकोस. त्याचं डोकं हातचं चाललंय, ऑरेल. परवा कारखान्यातून निघाला तो आमच्या जुन्या घरी गेला. ते घर विकून किती वर्षं झाली! तिथल्या बाईला म्हणाला, तू कोण, माझ्या घरात काय करतेस. तिच्या नवऱ्यानं आणून सोडला. काल बूट ओव्हनमध्ये ठेवले. आणि रोज संध्याकाळी…" डब्याच्या कडीशी बोटं चाळवत राहिली. "रोज संध्याकाळी तो टॉर्स्टेनचं ताट मांडायला सांगतो."

टॉर्स्टेन त्यांचा एकुलता एक मुलगा. मागच्या युद्धात इटलीत मारला गेला, तिथेच पुरला. ऑरेल आणि तो एका वयाचे, दोघे एकाच तळ्याच्या बर्फावर घसरत वाढले.

पण ऑरेल काय म्हणाला? म्हणाला, "बाप आहे तो. आठवण येते माणसाला."

"आठवण येत नाही रे, हेच तर म्हणतेय! पोरगा मेल्याची आठवणच नाहीये त्याला. डॉक्टरांचं तो ऐकत नाही, पास्टरचं ऐकत नाही. मला म्हणतो, ज्या दिवशी ऑरेल म्हणेल की उस्ताद आता पुरे, त्या दिवशी मी अवजारं धुऊन ठेवीन. तू म्हण. आणि तोवर निदान संध्याकाळी त्याला एकट्याला सोडू नकोस. बसमध्ये बसवून दे. एवढं कर माझ्यासाठी."

ऑरेल एका दमात हो म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या माणसानं आपल्याला हातात छिन्नी कशी धरायची ते शिकवलं, त्याला आता पुरे म्हणायचं? असलं काम गळ्यात आलं की माणूस पळवाट शोधतो, आणि ऑरेलच्या हाताशी तर तयार पळवाट होती.

"मिसेस ब्रोलीन, हातच्या काकणाला आरसा कशाला? बघा तुम्हीच." त्यानं खिडकीकडे तोंड करून आरोळी ठोकली, "उस्ताद! अठरा!"

"सव्वादोन, एक पॉइंट आठ, नऊ!" खिडकीखालून खणखणीत आवाज आला.

"चौदा!"

"पावणेदोन, एक पॉइंट चार, सात! काम नाही का रे तुला?"

ऑरेल सिग्नेकडे वळला, हसत. खरंच हसत होता तो. "बघितलंत? डोकं गेलेल्या माणसाला येईल हे? माझ्यापेक्षा चलाख आहे तो."

सिग्ने हसली नाही. "तू त्याला नंबर विचारतोस," ती म्हणाली. "टॉर्स्टेन कुठे आहे, ते विचार ना."

"असं कसं विचारू मी?"

"हो. तेही खरंच." तिनं रुमाल गळ्याशी घट्ट केला आणि रिकामा डबा घेऊन बर्फातून निघून गेली. संध्याकाळी ऑरेलनं एस्किलला बसपर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशीही सोडलं. तिसऱ्या दिवशी म्हातारा भडकला, "मी काय शाळेतला पोर आहे? हात धरून नेतोस!" आणि ऑरेलनं ते सोडून दिलं. त्याला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

मग ब्रोनेकच्या लेथचं सेंटर जळालं. टेलस्टॉकमधलं, म्हणजे लेथच्या शेवटच्या आधारातलं, ते सेंटर कामाच्या टोकाला टेकून राहतं, स्वतः फिरत नाही. तेल कमी पडलं की घासून घासून त्याचं टोक लाल होतं आणि मग राख. ब्रोनेकनं तेल घालायला विसरल्याचं कबूल केलं नाही, तेलालाच शिव्या घातल्या. ऑरेलनं जळकं सेंटर भंगारात टाकलं आणि जाता जाता खिडकीपाशी थांबला.

"उस्ताद, ब्रोनेकच्या लेथला नवं सेंटर लागेल. चार नंबर."

"चार नंबर," एस्किल म्हणाला. "करतो."

मोर्स चार, असं ऑरेल म्हणाला नाही. का म्हणेल? लेथ म्हणजे मोर्स, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्यात ती लेथ एस्किलनं स्वतः कैक वर्षं चालवलेली. त्या टेलस्टॉकच्या भोकात त्यानं हजारदा बोट घालून चिंधीनं पुसून काढलं असेल. भाकरी करणाऱ्या आईला पोरानं सांगावं का, की हे पीठ आहे म्हणून?

दोन दिवस म्हातारा त्या सेंटरवर बसला. आधी मऊ पोलादात कातलं, मग भट्टीत घालून कडक केलं, मग ग्राइंडरवर घेतलं. ऑरेल ये-जा करताना पाहत होता, पण पाठीमागूनच. वाकलेली पाठ, पांढऱ्या केसांवर एमरीची धूळ, ठिणग्यांचा बारीक फुलोरा. एस्किल गुणगुणत होता. किती दिवसांनी गुणगुणत होता! ऑरेलला वाटलं, सिग्ने उगाच घाबरली. म्हाताऱ्याला चांगलं काम दिलं की तो पुन्हा ताळ्यावर येतो. आता याला रोज असंच काहीतरी द्यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ऑरेलला गावाबाहेर एका गिऱ्हाइकाकडे जावं लागलं. परत आला तेव्हा अंधार पडला होता, पाळी सुटली होती. थंडी अशी की नाकातला श्वास गोठावा. त्यानं दिवा लावला. त्याच्या टेबलावर, स्वच्छ चिंधीवर, काहीतरी ठेवलं होतं.

सेंटर होतं. करंगळीपेक्षा थोडंसं जाड. इवलंसं.

आधी त्याला कळेचना. त्यानं ते उचललं. किती सुंदर होतं! आरशासारखं अंग, साठ अंशांचं टोक असं की बोट लावायची भीती वाटावी. त्यानं सवयीनं मायक्रोमीटर घेतला. मोठं टोक अर्धा इंच. बारीक टोक चार दशांश. पट्टी लावली. निमुळत्या भागाची लांबी दोन इंच. केसाचाही फरक नाही. आठानं भागलेलं, दहानं भागलेलं, दोनानं भागलेलं. जार्नो, चार नंबर.

पलीकडे ब्रोनेकची लेथ उभी होती. टेलस्टॉकचं भोक काळं, उघडं. तोंडाशी एक इंच दोनशे एकतीस थाउ, म्हणजे सव्वा इंचाला जरासंच कमी. ऑरेलनं हातातलं सेंटर त्यात सोडलं. ते खडखडत आत गेलं आणि कुठेतरी अंधारात लोळत पडलं.

तेव्हा कुठे त्याला उमगलं. हे सेंटर कुठे बसायचं आहे, तिथे एकदा नुसतं बघितलं असतं तरी आंधळ्यालाही कळलं असतं. एस्किलनं बघितलं नव्हतं. किंवा बघितलं होतं, आणि ते भोक कुणाचं, कशाचं, हे त्याच्यापाशी आता नव्हतंच. त्याच्यापाशी फक्त नंबर होता. नंबर सांगितला की आठ, दहा, दोन. त्याला आठवावं काही लागत नाही. म्हणूनच तर जार्नो चांगला! आठवावं न लागणारी एकच गोष्ट आपण त्याला रोज विचारत होतो, आणि तो रोज पास होत होता. जे पाठ असावं लागतं, ते मोर्सचे आकडे त्यानं कधीपासून टाळले होते? वसंतापासून? त्याच्याही आधीपासून? 'छ्या, ती पोपटपंची' म्हणत तो हातातून निसटणाऱ्या वस्तू लपवत होता, आणि आपण? आपण त्याला लपवू देत होतो. वर त्याच्या बायकोसमोर फुशारक्या मारत होतो.

"अरे देवा," ऑरेल रिकाम्या कारखान्यात मोठ्यानं म्हणाला.

मग त्याला खुंटी दिसली. एस्किलचा जाड लोकरी कोट खुंटीलाच होता. टोपीही.

तो धावला. बसच्या थांब्यावर कुणी नव्हतं. एस्किलच्या घरी सिग्नेनं दार उघडलं, ऑरेलच्या मागे पाहिलं, आणि मग त्याच्या हातातल्या कोटाकडे पाहिलं. आत टेबलावर तीन ताटं मांडलेली होती.

"जुन्या घरी बघतो," ऑरेल म्हणाला.

"तिथे नसेल." ती बुटांवर बर्फाचे ओव्हरशूज चढवत होती. "सकाळी विचारत होता, बॉस्टनची गाडी केव्हा येते. मी म्हटलं, कशाला? म्हणाला, पोरगा येतोय आज, उतरवून घ्यायला नको का? मला वाटलं… मला वाटलं, कारखान्यात गेला की विसरेल. तिथे तू आहेस."

तिथे तू आहेस! ऑरेलला ते शब्द कुठे ठेवावे कळेना.

स्टेशनात आतल्या उबेत एस्किल नव्हता. तो फलाटाच्या पार टोकाला होता, जिथून वळणावरचा इंजिनाचा दिवा आधी दिसतो. माल चढवायच्या हातगाडीवर बसला होता. अंगात कारखान्याचा सुती अंगरखा, दोन्ही हात मांड्यांवर उघडे. भुवयांवर बर्फ. दिवाणखान्यात बसावं तसा निवांत बसला होता.

ऑरेलनं त्याच्यावर कोट टाकला, हात आपल्या काखेत धरले. ते हात लाकडासारखे लागत होते.

"उस्ताद! उस्ताद, मी आहे."

एस्किलनं त्याच्याकडे पाहिलं, अगदी सभ्यपणे, परक्या माणसाकडे पाहावं तसं. "थोडं सरका," तो म्हणाला. "गाडी दिसत नाही."

इस्पितळात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, डाव्याची एक. हजारांश इंच बोटानं सांगणारा माणूस होता तो. काम नुसतं चाचपून म्हणायचा, अजून थोडं राहिलंय. मग छाती भरली. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, वय आहे, औषध देतोय, बघू. डॉक्टर बघू म्हणाले की घरच्यांनी काय समजायचं ते समजतात.

ऑरेल रोज जायचा. सिग्ने खाटेच्या एका बाजूला, तो दुसऱ्या. तिनं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर त्यानं मान खाली घालून घेतला असता. तिनं त्याच्यासाठीही वेलदोड्याचा गोड पाव आणला, अर्धा कापून रुमालावर ठेवला.

एका दुपारी ताप थोडा उतरला. खिडकीतून ऊन आलं होतं. एस्किलनं डोळे उघडले, बांधलेले हात चादरीवर उचलून पाहिले, पुन्हा ठेवले. मग मान वळवली, आणि चेहऱ्यावर एकदम जुनी मिस्कील झाक आली.

"काय रे बेडका," तो म्हणाला. आवाज खरखरीत, पण त्याचाच. "गप्प का? विचार की. नंबर विचार."

सिग्नेनं तोंडावर हात धरला. ऑरेलनं तिच्याकडे पाहिलं. जिभेवर तयार होता नंबर. सोळा म्हणायचं, दोन, एक पॉइंट सहा, आठ असं येणार. म्हातारा खूश होणार. तिघेही घटकाभर खूश होणार. आणि पुन्हा एकदा काहीच कळलेलं नसणार.

ऑरेल पुढे वाकला. जे त्यानं भट्टीपाशी विचारायला हवं होतं, त्या दिवशी, तिच्यासमोर, ते त्यानं आता विचारलं.

"एस्किल, टॉर्स्टेन कुठे आहे?"

म्हातारा बराच वेळ विचार करत राहिला. कपाळावर आठ्या पडल्या. काहीतरी शोधत होता आत, खण उघडत होता, बंद करत होता. मिस्कीलपणा हळूहळू उतरला. डोळ्यांत भीती आली, मोठ्या गर्दीत चुकलेल्या लेकराची असते तशी. ओठ हलले.

"नंबर सांग ना," तो म्हणाला. "नंबर सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

ऑरेलला रडू कोसळलं. सिग्नेनं उठून नवऱ्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि स्वीडिशमध्ये काहीतरी पुटपुटत राहिली, लहान मुलाला झोपवताना म्हणतात तसलं. एस्किल झोपला. दोन रात्रींनी, झोपेतच, तो गेला.

दफन झालं तेव्हा जमीन दगडासारखी होती, कबर खणायला आधी शेकोटी पेटवावी लागली. कारखाना सगळा आला होता. ब्रोनेक हुंदके देत रडला. त्यानं ऑरेलला सांगितलं, "त्या दिवशी ते इवलंसं सेंटर घेऊन उस्ताद माझ्या लेथपाशी आला होता. मी म्हटलं, काय हो, बाहुलीच्या लेथला का? तो पण हसला. मला वाटलं, गंमत करतोय." ऑरेलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांनाच वाटलं होतं, गंमत करतोय.

नाताळ होऊन गेल्यावर एका गुरुवारी ऑरेल सिग्नेकडे गेला. वाटाण्याचं सूप होतंच. टेबलावर दोन ताटं. जेवण झाल्यावर त्यानं खिशातून चिंधीची पुरचुंडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. लेथचा टेलस्टॉक खोलून, तारेचा आकडा घालून, त्यानं ते सेंटर बाहेर काढलं होतं. अंगावर एक ओरखडा नव्हता.

"त्यानं केलेलं शेवटचं काम आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे असावं."

सिग्नेनं ते तळहातावर घेतलं, चष्मा सारून पाहिलं. दिव्याचा उजेड त्याच्या अंगावरून सरकला. "किती लहान आहे," ती म्हणाली. "कशाचं आहे हे?"

"सेंटर. चार नंबर."

"नीट झालंय?"

"अगदी नीट, सिग्ने. कुठे तसूभरही चूक नाही. फक्त ते जिथे बसायचं ती जागा… त्याला दिसलीच नाही."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. दोघांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. सिग्ने बराच वेळ ते चमकतं पोलाद मुठीत धरून बसली, गार होतं ते कोमट होईपर्यंत.

"हेच तर मी रिकामा डबा घेऊन तुला सांगायला आले होते," ती म्हणाली, आणि उठून कॉफी ठेवायला गेली.